उसाच्या ट्रॉलीच्या टायरवरनं शिका: पॅरामेट्रिक कर्व्हचा स्लोप, टॅन्जंट आणि सेकंड डेरिव्हेटिव्ह

सांगलीत विश्रामबागला क्लासला येणारी बरीच पोरं दहावीपर्यंत मराठी मीडियमची असतात, मग अकरावी-बारावी सायन्सला एकदम इंग्रजी पुस्तक हातात येतं आणि डिफरन्सिएशनच्या धड्यात पॅरामेट्रिक फंक्शन आलं की गाडी अडते. पहिलं डेरिव्हेटिव्ह तसं सगळ्यांना जमतं, वर dy/dt खाली dx/dt, झालं. खरी गडबड सेकंड डेरिव्हेटिव्हला होते, आणि गंमत म्हणजे चुकीचं उत्तरसुद्धा दिसायला एवढं छान सुटसुटीत येतं की कुणाला शंकाच येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. एकच कर्व्ह घेऊ आणि त्याच्यावर सगळं करून बघू, मग शेवटी दुसरा एक कर्व्ह घेऊ कारण पहिल्यात न दिसणारी एक भानगड त्याच्यात आहे.

हंगाम सुरू झाला की तासगाव, पलूस, इस्लामपूर कुठल्याही रोडला उसाच्या ट्रॉल्या दिसतात. अशा एका ट्रॉलीच्या टायरवर, अगदी रस्त्याला टेकतो त्या कडेला, चुन्याचा एक ठिपका लावलाय असं समजा. ट्रॉली सरळ सपाट रस्त्यानं चाललीय, टायर घसरत नाही, नुसता फिरतोय. बाजूला उभं राहून बघितलं तर ठिपका हवेत एक कमान काढतो, खाली येऊन रस्त्याला टेकतो, परत कमान काढतो. या कमानीला सायक्लॉइड म्हणतात. आपल्याला या कमानीचा स्लोप पाहिजे, टॅन्जंट पाहिजे, आणि ती किती वाकलीय ते पाहिजे.

आधी कर्व्ह मांडून घ्या

टायरची त्रिज्या a धरा. आपण आकडे घालताना a = ०.५ मीटर घेऊ, मोठ्या टायरला साधारण तेवढी असते. सुरुवातीला ठिपका रस्त्याला टेकलेला आहे, तो बिंदू (0, 0). आता टायर t रेडियन फिरला. घसरला नाही म्हणजे जेवढी टायरची कड रस्त्यावरनं गेली तेवढंच मधलं एक्सल पुढं गेलं, म्हणजे at एवढं. एक्सल आता (at, a) वर आहे आणि ठिपका एक्सलच्या मागं-पुढं, वर-खाली कुठंतरी आहे, ते sin आणि cos नं येतं:

```
x = a(t − sin t)
y = a(1 − cos t)
```

आता कुणी म्हणेल की t काढून टाकू आणि y डायरेक्ट x मध्ये लिहू, मग नेहमीसारखं डिफरन्शिएट करू. करून बघा. x = a(t − sin t) यातनं t एकटा बाहेर काढायचा म्हटलं तर निघतच नाही, एक t बाहेर आहे आणि एक sin च्या आत अडकलाय. म्हणजे पॅरामीटर ठेवूनच सगळं करणं भाग आहे. स्लोपही t मध्ये येणार, सेकंड डेरिव्हेटिव्हही t मध्येच येणार, आणि त्यात काही वावगं नाही. उत्तरात x यायलाच पाहिजे असा हट्ट धरू नका.

पायरी १: दोन्ही डेरिव्हेटिव्ह वेगवेगळी काढा

पुढं डॅश लिहिला की t नं डेरिव्हेटिव्ह समजा.

```
x' = a(1 − cos t)
y' = a sin t
```

हे कागदावर एकाखाली एक लिहून ठेवा, कारण x' आपल्याला दोनदा लागणार आहे. एकदा स्लोपला आणि परत एकदा सेकंड डेरिव्हेटिव्हला. बहुतेक चुका त्या दुसऱ्या वेळेलाच होतात.

पायरी २: भागाकार करा

t अगदी थोडासा, dt एवढा वाढला तर ठिपका आडवा x' dt सरकतो आणि उभा y' dt सरकतो. स्लोप म्हणजे आडवं जेवढं गेलो त्याच्या मानानं उभं किती गेलो, म्हणून dt उडून जातो आणि उरतं y'/x'. अट एकच, x' शून्य नको. शून्य आला तर काय करायचं ते पुढं येतंय.

```
dy/dx = sin t / (1 − cos t) = cot(t/2)
```

दुसरं रूप हाफ अँगलचे फॉर्म्युले घालून आलं, sin t = 2 sin(t/2) cos(t/2) आणि 1 − cos t = 2 sin²(t/2). हा सोपेपणा इथंच करून घ्या, पुढं ढकलू नका, कारण पुढच्या पायरीत याच गोष्टीला परत डिफरन्शिएट करायचंय आणि sin t / (1 − cos t) ला क्वोशंट रूल लावत बसलात तर अर्धं पान भरतं.

इथं एक गोष्ट नीट बघून घ्या. a उडून गेला. टायर मोठा असो की छोटा, t सारखा असेल तर स्लोप सारखाच. बरोबरच आहे, कारण स्लोप म्हणजे मीटर भागिले मीटर, त्याला युनिट नसतं. हे लक्षात ठेवा, सेकंड डेरिव्हेटिव्हला हेच कामाला येणार आहे.

पायरी ३: टॅन्जंट लाइन

टॅन्जंटला तीन गोष्टी लागतात, x, y आणि स्लोप, आणि तिन्ही एकाच t ला पाहिजेत. आपण t = π/2 घेऊ, म्हणजे टायर पाव फेरी फिरला. a = 0.5 घालून:

```
x = 0.5(π/2 − 1) = 0.2854
y = 0.5(1 − 0)   = 0.5
m = cot(π/4)     = 1
```

मग लाइन येते y − 0.5 = 1·(x − 0.2854), म्हणजे y = x + 0.2146.

नवीन पोरं इथं दोन प्रकारची गडबड करतात. एक म्हणजे स्लोप cot(t/2) तसाच ठेवून y − 0.5 = cot(t/2)(x − 0.2854) असं लिहून सोडतात, ती लाइनच नाही, त्यात t मोकळा फिरतोय. दुसरी म्हणजे π/2 हा x समजून घालतात. π/2 हा टायर किती फिरला त्याचा कोन आहे, ठिपका आडवा किती गेला ते नाही, ठिपका तर फक्त साडेअठ्ठावीस सेंटीमीटर पुढं गेलाय. प्रश्नात बिंदू दिला असेल आणि t दिला नसेल तर आधी t शोधायचा, मगच पुढं.

आता उत्तर तपासू. एक्सल यावेळी कुठं आहे? at म्हणजे ०.५ × १.५७०८ = ०.७८५४ वर. टायरचा सगळ्यात वरचा बिंदू त्याच्या बरोब्बर वर, (0.7854, 1). आपल्या टॅन्जंटमध्ये x = 0.7854 घाला, y येतो ०.७८५४ + ०.२१४६ = १.००००. म्हणजे टॅन्जंट टायरच्या टोकातनं गेला! हा योगायोग नव्हे, सायक्लॉइडचा टॅन्जंट कुठल्याही t ला टायरच्या वरच्या बिंदूतनं जातोच.

का जातो तेही सांगतो, कारण याच्यात दहावीची भूमितीच आहे. टायर घसरत नाही, म्हणजे रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर आहे आणि अख्खा टायर त्या क्षणापुरता त्याच बिंदूभोवती फिरतोय. म्हणून ठिपक्याची दिशा ही टेकलेल्या बिंदूपासून ठिपक्यापर्यंत काढलेल्या रेषेला काटकोनात असते. आणि अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे आपण पाठ केलेलं आहेच, तेव्हा टेकलेल्या बिंदूच्या समोरचं व्यासाचं दुसरं टोक, म्हणजे टायरचा माथा, त्या दिशेवर पडतो. १६३० च्या दशकात देकार्त, फर्मा आणि रोबेर्वाल या तिघांनी सायक्लॉइडचा टॅन्जंट आपापल्या रीतीनं काढला होता, आणि तेव्हा न्यूटन-लायब्निट्झचं कॅल्क्युलस अजून यायचं होतं. आपल्याकडं तर आयता फॉर्म्युला आहे.

पायरी ४: सेकंड डेरिव्हेटिव्ह, इथं सावकाश चला

d²y/dx² म्हणजे काय ते आधी शब्दात म्हणा. ठिपका आडवा थोडासा सरकला तर स्लोप किती बदलला. वाक्यात दोन गोष्टी आहेत, बदलतोय तो स्लोप, आणि मोजतोय ते x च्या हिशोबानं. y' बदलतोय असं कुठं म्हटलेलं नाही आणि t च्या हिशोबानं असंही म्हटलेलं नाही.

मग करायचं काय? स्लोपला एक नवीन फंक्शन समजा, त्याला m म्हणा. m = cot(t/2). आता पायरी २ मध्ये y चं जे केलं तेच m चं करा. तिथं y ला t नं डिफरन्शिएट केलं आणि x' नं भागलं, इथं m ला t नं डिफरन्शिएट करा आणि त्याच x' नं भागा. नवीन फॉर्म्युला काही नाहीच, जुनंच काम परत एकदा.

```
dm/dt = −(1/2) cosec²(t/2) = −1/(1 − cos t)

d²y/dx² = (dm/dt) / x' = −1 / ( a(1 − cos t)² )
```

मधल्या ओळीत 2 sin²(t/2) च्या जागी 1 − cos t परत घातलं, बाकी काही केलं नाही.

आता दोन चुकीची उत्तरं बघू, कारण पेपर तपासायला बसलात तर हीच दोन सारखी सारखी दिसतात.

पहिली चूक: स्लोप जर y'/x' असेल तर सेकंड डेरिव्हेटिव्ह y''/x'' असणार, असा सरळ अंदाज. x'' = a sin t, y'' = a cos t, भागाकार cot t. किती सुंदर दिसतंय, खऱ्या उत्तरापेक्षा देखणं. आणि साफ चूक.

दुसरी चूक: dm/dt काढलं आणि तिथंच थांबले, x' नं भागायचं विसरले. उत्तर −1/(1 − cos t). ही चूक हुशार पोरं पण करतात, कारण डिफरन्शिएट तर केलंय, हाताला घाम आलाय, आणि मनाला वाटतं झालं.

दोन्ही चुका पकडायला पुस्तक उघडायची पण गरज नाही, युनिट बघा. स्लोपला युनिट नाही. आपण स्लोपमधला बदल भागिले x मधला बदल घेतोय, आणि x मीटरमध्ये आहे. म्हणजे उत्तर "दर मीटरला" अशा युनिटमध्ये यायलाच पाहिजे, म्हणजेच a खाली कुठंतरी दिसलाच पाहिजे. cot t मध्ये a नाही. −1/(1 − cos t) मध्ये पण a नाही. दोन्ही बाद. आपल्या उत्तरात a खाली आहे, पास.

अक्कलहुशारीनं बघितलं तरी पटतं. टायर दुप्पट मोठा केला तर कमान दुप्पट लांब आणि दुप्पट उंच होते, तोच स्लोपचा फरक आता दुप्पट लांबीत पसरतो, म्हणजे दर मीटरला वाक निम्मा व्हायला पाहिजे. जे उत्तर टायर बदलला तरी बदलत नाही ते बरोबर कसं असेल?

बोर्डाच्या प्रश्नात मीटर-बिटर काही नसतं, पण a असतोच, तेव्हा a ला लांबी समजून हीच तपासणी चालते. उदाहरणार्थ x = at², y = 2at. स्लोप 1/t, त्याचं t नं डेरिव्हेटिव्ह −1/t², x' = 2at नं भागा, −1/(2at³). a खाली आला, ठीक. आता तिथं y''/x'' लावून बघा: y'' शून्य, x'' म्हणजे 2a, उत्तर शून्य. म्हणजे पॅराबोला ही सरळ रेषा आहे असं तुम्ही लिहून आलात. आणि x ला a, y ला b असे वेगळे असतील, जसं एलिप्समध्ये x = a cos θ, y = b sin θ, तर उत्तरात वर b आणि खाली a² पाहिजे, आणि खरंच येतंही तसंच, −b/(a² sin³θ).

फक्त एवढं ध्यानात ठेवा की युनिट बघून साइनची चूक सापडत नाही, 2 राहिला की 4 राहिला तेही सापडत नाही. त्यासाठी आकडे घालून बघावं लागतं आणि ते पण फार अवघड नाही. t = π/2 ला आपलं उत्तर येतं −1/(0.5 × 1) = −2. आता π/2 म्हणजे १.५७०८, त्याच्या अलीकडं-पलीकडं जवळजवळ सारख्या अंतरावर दोन t घ्या, 1.50 आणि 1.64, आणि कॅल्क्युलेटरवर नुसते स्लोप आणि x काढा:

```
t = 1.50 :  m = 1.0734   x = 0.2513
t = 1.64 :  m = 0.9331   x = 0.3212
```

स्लोप ०.१४०३ नं कमी झाला आणि x ०.०६९९ नं वाढला. भागाकार साधारण −२.०१. आपलं −२ बरोबर आहे. y''/x'' वाल्याचं उत्तर इथं cot(π/2) = 0 येतं, म्हणजे कमान इथं वाकलेलीच नाही म्हणे, आणि भागायचं विसरलेल्याचं येतं −१. (कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे ना बघा. डिग्रीवर असेल तर पहिला स्लोप ७६ च्या वर दाखवेल, तेव्हा आपलं चुकलं म्हणून फॉर्म्युला बदलायला जाऊ नका.)

साइन पण वाचून घ्या. 1 − cos t चा वर्ग कायम पॉझिटिव्ह, a पॉझिटिव्ह, पुढं मायनस, म्हणजे उत्तर सगळीकडं निगेटिव्ह, म्हणजे कर्व्ह सगळीकडं खाली वाकलेला. कमान आहे, तशीच असणार. चुकीचं cot t मात्र ० ते π/2 मध्ये पॉझिटिव्ह येतं, म्हणजे कमानीची सुरुवात वाटीसारखी आहे असं म्हणतं. डोळ्यांना दिसतंय की नाही, मग झालं.

एक तयार फॉर्म्युला पण आहे, काही जण तोच पाठ करतात:

```
d²y/dx² = ( x' y'' − y' x'' ) / (x')³
```

हा वेगळा काही नाही, y'/x' ला क्वोशंट रूल लावला की खाली (x')² येतो आणि शेवटी परत x' नं भागलं की क्यूब होतो. स्लोप आधीच सोपा होत असेल, जसा आपला cot(t/2) झाला, तर मी हा वापरत नाही, उगाच लांबतं. स्लोप वेडावाकडा असेल तर वापरा. आणि खाली क्यूब का आहे ते आठवत असेल तर तिथं वर्ग लिहायची चूक होत नाही.

पायरी ५: x' शून्य झाला तर

आपण भागाकार करताना म्हटलेलं की x' शून्य नको. आपल्या कमानीत x' = a(1 − cos t) हा t = 0, 2π, 4π ला शून्य होतो, म्हणजे बरोब्बर ठिपका रस्त्याला टेकतो तेव्हा. आता लगेच "टॅन्जंट उभा" असं लिहून टाकायचं नाही, आधी y' बघायचा. y' शून्य नसेल तर खुशाल उभा टॅन्जंट लिहा. पण इथं y' = a sin t, तो पण शून्य. ठिपका त्या क्षणी आडवाही हलत नाही आणि उभाही हलत नाही, थांबलाय. 0/0 वरनं काहीच ठरत नाही.

अशा वेळी जवळ जाऊन बघायचं, म्हणजे लिमिट घ्यायचं. t शून्याच्या जरा पुढं असताना cot(t/2) प्रचंड मोठा पॉझिटिव्ह, जरा मागं असताना प्रचंड मोठा निगेटिव्ह. म्हणजे ठिपका जवळजवळ सरळ खाली येतो, टेकतो, आणि जवळजवळ सरळ वर निघतो. तिथं टोक तयार होतं, त्याला कस्प म्हणतात. टॅन्जंट उभाच आहे, x = 0, पण ते लिमिटनं ठरलं, भागाकारानं नाही, आणि सेकंड डेरिव्हेटिव्ह तिथं नाहीच, −1/(a(1 − cos t)²) मध्ये खाली शून्य आला.

उलट माथ्यावर, t = π ला, y' शून्य आणि x' = 2a. हे साधं प्रकरण आहे, स्लोप शून्य, टॅन्जंट आडवा, y = 2a म्हणजे y = 1 मीटर. सेकंड डेरिव्हेटिव्ह −1/(4a) = −०.५. π/2 ला −२ होतं आणि माथ्यावर −०.५, म्हणजे कमान वर जाईल तशी पसरट होत जाते, आणि ट्रॉलीचा ठिपका बघितला तर तसंच दिसतं.

दुसरा कर्व्ह: एकाच बिंदूवर दोन टॅन्जंट

आता x = t², y = t³ − 3t घ्या आणि प्रश्न असा: (3, 0) वर टॅन्जंट काढा. आधी t शोधा. t² = 3 म्हणजे t = √3 किंवा −√3, आणि दोन्हीला y = t(t² − 3) = 0 येतो. म्हणजे कर्व्ह या बिंदूतनं दोनदा गेलाय. स्लोप (3t² − 3)/(2t), √3 ला √3 येतो आणि −√3 ला −√3. टॅन्जंट दोन आहेत:

```
y =  √3 (x − 3)
y = −√3 (x − 3)
```

एकच लिहून आलात तर अर्धं उत्तर गेलं. पॅरामेट्रिकमध्ये टॅन्जंट हा बिंदूचा नसतो, t चा असतो, म्हणून बिंदू दिला की तिथं पोहोचणारे सगळे t गोळा करायचे.

सेकंड डेरिव्हेटिव्ह आपल्याच पद्धतीनं. m = (3/2)(t − 1/t), dm/dt = (3/2)(1 + 1/t²), आणि 2t नं भागलं की:

```
d²y/dx² = 3(t² + 1) / (4t³)
```

वरचा भाग कायम पॉझिटिव्ह, खाली t³. म्हणजे t निगेटिव्ह असेल तर कर्व्ह खाली वाकलेला, पॉझिटिव्ह असेल तर वर वाकलेला, आणि t = 0 ला साइन बदलतं. इथं भले भले "t = 0 ला इन्फ्लेक्शन पॉइंट" असं ठोकून देतात. थांबा. बिंदू मांडून बघा:

```
t :     −2       −√3      −1       0        1        √3       2
(x,y):  (4,−2)   (3,0)    (1,2)    (0,0)    (1,−2)   (3,0)    (4,2)
```

कर्व्ह उजवीकडनं खालनं येतो, (3, 0) मधनं वर चढतो, (1, 2) ला माथा गाठतो, डावीकडं येऊन (0, 0) ला वळतो, (1, −2) ला तळ गाठतो आणि परत (3, 0) मधनं निघून जातो. फास आहे हा. या वाटेनं मोटरसायकल चालवतोय असं समजा, हँडल पहिल्यापासून शेवटपर्यंत डावीकडंच वळलेलं राहतं, (0, 0) ला सुद्धा. हँडल उजवीकडं कधीच जात नाही, मग इन्फ्लेक्शन कुठनं आलं?

हिशोबानं पण हेच दिसतं. तयार फॉर्म्युल्यातला वरचा भाग बघा, x' y'' − y' x'' = (2t)(6t) − (3t² − 3)(2) = 6t² + 6. कधीच शून्य होत नाही, कधीच साइन बदलत नाही. वळण कुठल्या बाजूला आहे ते हा वरचा भाग सांगतो. साइन बदललं ते खालच्या (x')³ मुळं, कारण t = 0 ला x' = 2t चं साइन बदलतं, म्हणजे आपण डावीकडं जात होतो ते उजवीकडं जायला लागलो. डावीकडं जाताना डावं वळण घेतलं की कर्व्ह खाली वाकलेला दिसतो, उजवीकडं जाताना तेच डावं वळण घेतलं की वर वाकलेला दिसतो. t = 0 ला x' शून्य आहे आणि y' = −3, शून्य नाही, म्हणजे पायरी ५ प्रमाणे तिथं साधा उभा टॅन्जंट आहे, x = 0, बाकी काही नाही.

तेव्हा इन्फ्लेक्शन विचारलं असेल तर d²y/dx² चं साइन बदललं एवढ्यावर जाऊ नका, x' y'' − y' x'' चं साइन बदलतंय का ते बघा, आणि x' आणि y' दोन्ही त्या ठिकाणी एकदम शून्य नाहीत याची खात्री करा. या कर्व्हला इन्फ्लेक्शन पॉइंट एकही नाही, उत्तरात तसंच लिहायचं.